काळ्या कपड्यांवरचे डिओचे पांढरे डाग

«ताई, मी नाशिकला बँकेत नोकरी करते. घाम खूप येतो, म्हणून रोज सकाळी आंघोळ झाली की रोल-ऑन लावते. माझे काळे आणि नेव्ही ब्लू कुर्ते डोक्यातून घातले की कमरेच्या बाजूला पांढरे पट्टे उमटतात. ओल्या रुमालाने पुसले तर आणखी पसरतात. दोन जुन्या कुर्त्यांच्या काखा तर पांढुरक्या आणि पुठ्ठ्यासारख्या कडक झाल्यात, कितीही धुतल्या तरी तशाच. आता संक्रांतीला आईची रेशमी चंद्रकळा नेसायची आहे, वर नवा काळा रेशमी ब्लाऊज शिवलाय. त्याच्यावर डाग पडले तर आई मला सोडणार नाही. रोल-ऑन लावणंच बंद करू का? – स., नाशिक»

प्रिय स.,

रोल-ऑन बंद करू नकोस, त्याची वेळ बदल. सकाळी लावतेस ते आजपासून रात्री झोपताना लाव. कुर्त्यावरचे पट्टे एवढ्यानेच जवळजवळ थांबतील, आणि घामही आत्तापेक्षा कमी येईल.

घाम रोखणाऱ्या रोल-ऑनमध्ये किंवा स्टिकमध्ये काम करतो तो अ‍ॅल्युमिनियमचा क्षार. तुझ्या बाटलीच्या मागे घटकांची यादी असेल, तीत बहुधा अ‍ॅल्युमिनियम क्लोरोहायड्रेट हे नाव सापडेल. हा क्षार घामाच्या छिद्रात उतरतो, तिथल्या ओलाव्यात विरघळतो आणि छिद्राच्या तोंडाशी जेलीसारखं बारीकसं बूच तयार करतो. घाम अडतो तो त्या बुचामुळे. बूच बसायला काही तास लागतात, आणि तेवढा वेळ काख कोरडी असावी लागते. सकाळी आंघोळीनंतर अंग गरम असतं, डबा-बस-धावपळ सुरू झालेली असते, घाम येतच असतो. त्यामुळे क्षार आत उतरण्याआधीच वाहून जातो किंवा कपड्याला पुसला जातो. रात्री घाम सर्वांत कमी येतो आणि क्षाराला निवांत वेळ मिळतो. सकाळी साबण लावून आंघोळ केलीस की कातडीवर उरलेला पांढरा थर धुऊन जाईल. आत बसलेलं बूच मात्र आंघोळीने निघत नाही, ते दिवसभर काम करतं. त्वचारोगतज्ज्ञही रात्रीच लावायला सांगतात.

कपड्यावर जे पांढरं दिसतं, ते काम करून झाल्यावर कातडीवर उरलेलं असतं. सकाळी कुर्ता घालताना काखेत काही शिल्लकच नसेल, तर डाग येणार कुठून?

पहिल्या तीन-चार रात्रींत फारसा फरक जाणवणार नाही, तेवढ्यात सोडून देऊ नकोस. काख पूर्ण कोरडी असताना लाव. ओल्या कातडीवर लावलं तर ते वाळायला वेळ घेतं आणि आग होते. ज्या दिवशी रेझर किंवा वॅक्स केलं असेल, त्या रात्री लावूच नकोस. प्रत्येक काखेत वर-खाली दोन-तीन फेरे पुरेत. घाम जास्त म्हणून थर जास्त, असं बऱ्याचजणी करतात, पण छिद्रात जायचं तेवढंच जातं आणि बाकीचं चादरीला किंवा कपड्याला लागतं. सकाळी सुवास हवा असेल तर साधा बॉडी स्प्रे मार. त्यात मुख्यतः अल्कोहोल आणि सुगंध असतो, पांढरं काही राहत नाही. मात्र फवाऱ्याच्या बाटलीवर घाम रोखणारा असं लिहिलं असेल तर त्यातही क्षाराची भुकटी असते, आणि तो काळ्या कपड्याच्या जवळ नको.

तुझ्या बाटलीवर अ‍ॅल्युमिनियमचा उल्लेखच नसेल तर ते नुसतं वास झाकणारं आहे. मग रात्री लावून उपयोग नाही आणि घामही त्याने थांबणार नाही. आधी बाटली उलटी करून बघ. आपल्याकडे अजून दोन गोष्टी हमखास पांढरं करतात. एक म्हणजे रोल-ऑन चिकट लागतं म्हणून वरून भुरभुरवलेली टाल्कम पावडर, जी ओल्या थराला धरते आणि दोन्ही मिळून कुर्त्याला लागतात. दुसरी तुरटी. बाजारात नैसर्गिक क्रिस्टल डिओ म्हणून जो खडा मिळतो तो बहुतेक वेळा तुरटीचाच असतो, आणि तुरटी हाही अ‍ॅल्युमिनियमचाच क्षार. ओल्या काखेवर दोनदा फिरवून वाळू दिली तर ठीक, पण घसाघसा चोळली तर वाळल्यावर पांढरी दिसणारच.

«इनव्हिजिबल» लिहिलेल्या स्टिकबद्दलही सांगते, कारण दुकानात तुला तीच दाखवतील. तिच्यात भुकटीभोवती असं तेल घातलेलं असतं की प्रकाश भुकटीवरून विखुरत नाही, त्यामुळे पांढरेपणा डोळ्यांना कमी दिसतो. भुकटी असतेच. काळ्या सुती कुर्त्यावर ती बरी, पण रेशमावर त्या तेलाचा गडद डाग पडू शकतो आणि तो काढणं पांढऱ्या पट्ट्यापेक्षा अवघड. रेशमासाठी ती घेऊ नकोस.

एखाद्या दिवशी सकाळी लावावंच लागलं तर कुर्ता घालण्याआधी पाच मिनिटं हात जरा लांब ठेवून वाळू दे, आणि बोट लावून बघ. बोट चिकटलं तर अजून थांब. कमरेजवळचे पट्टे कसे येतात ते आरशासमोर एकदा हळू घालून पाहा. कुर्ता खाली ओढताना त्याचा घेर आणि बाजू काखेवरून घासत जातात, म्हणून काखेत लावलेलं कमरेवर उमटतं. कुर्ता आधी घेरापासून गळ्यापर्यंत हातात गोळा करून घे, डोकं आणि दोन्ही हात घाल, आणि मगच घेर खाली सोड. बाहेरची बाजू काखेला लागत नाही. पुढून बटणं असलेल्या कुर्त्यात हा प्रश्नच नसतो.

आता पडलेले डाग. त्यांचे दोन प्रकार आहेत आणि दोघांचा इलाज वेगळा.

कमरेवरचे ताजे पट्टे म्हणजे कापडाच्या वर बसलेली भुकटी आणि थोडं मेण. त्याला पाणी लावलं की भुकटीचा लगदा होतो आणि धाग्यांमध्ये शिरतो. ओला रुमाल फिरवल्यावर डाग पसरला तो त्यामुळे. पट्टा कोरडाच झटक. नायलॉनचा जुना मोजा, लेगिंगचा तुकडा किंवा अंगातल्या कुर्त्याचाच आतला, स्वच्छ भाग चिमटीत धर आणि पट्ट्यावर हलक्या हाताने, एकाच दिशेने, कापडाच्या धाग्याला धरून घास. दहा-बारा वेळा घासलं की पांढरं नाहीसं होतं. टिश्यू पेपर वापरू नकोस, त्याचे तंतू काळ्यावर आणखी पांढरे दिसतात. बँकेत पर्समध्ये एक कापलेला मोजा ठेवलास तर पुरे.

जुन्या कुर्त्यांच्या कडक काखा हे निराळं प्रकरण आहे. तिथे अ‍ॅल्युमिनियमचा क्षार, स्टिक किंवा रोल-ऑनमधलं तेल आणि मेण, अंगाचा तेलकटपणा आणि साबणाचा उरलेला अंश असं महिनोन्महिने एकावर एक साठलेलं असतं. वरचा मेणचट थर पाणी आत जाऊ देत नाही, म्हणून नेहमीच्या धुण्याने काही होत नाही. खात्री करायची असेल तर कुर्ता उलटा करून काखेवर पाण्याचा एक थेंब टाक आणि तसाच थेंब पाठीच्या कापडावर टाक. पाठीवरचा थेंब लगेच शोषला जाईल. काखेवरचा गोल होऊन तसाच उभा राहिला तर मेण आहे असं समज.

आणखी एक तपासणी आधी कर, म्हणजे फुकट मेहनत होणार नाही. पांढुरक्या जागेवर काळा रुमाल जोरात घास. रुमालावर पांढरं उतरलं तर साठलेला थर आहे आणि तो निघेल. रुमाल स्वच्छ राहिला आणि काखेचा रंग तपकिरी किंवा लालसर दिसत असेल, तर तिथला काळा रंगच गेलेला आहे. अ‍ॅल्युमिनियमचे क्षार आम्लधर्मी असतात, घामाबरोबर ते वर्षभर कापडात राहिले की रंग खातात. त्याला धुण्याचा इलाज नाही, पूर्ण कुर्ता पुन्हा रंगवून घ्यावा लागतो. आणि पांढरे फराटे काखेतच नाहीत, घेरावर, बाह्यांवर, सगळीकडे असतील, तर दोष डिओचा नाही. तो न विरघळलेल्या धुण्याच्या पावडरचा आहे. बोअरच्या जड पाण्यात हे फार होतं. गडद कपड्यांना लिक्विड डिटर्जंट वापर आणि एकदा जास्त खळबळून घे.

समजा तुझ्या काळ्या सुती कुर्त्यात थर सापडला. क्रम असा ठेव: आधी मेण, मग क्षार, मग धुणं. क्रम उलटा झाला की पहिल्याच पायरीला सगळं अडतं, कारण मेणाच्या खालपर्यंत काही पोचतच नाही.

कुर्ता उलटा कर. मऊ जुन्या टूथब्रशने काखेतली सुटी भुकटी कोरडीच झाडून टाक. मग भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब थेट काखेवर टाक, चमचाभर कोमट पाणी घाल आणि बोटांनी आतल्या बाजूने चोळ. हे लिक्विड तेलकटपणा सोडवण्यासाठीच बनवलेलं असतं. पंधरा-वीस मिनिटं तसंच ठेव. कोमट पाण्याने धू, आणि मघाचा थेंब पुन्हा टाकून बघ. थेंब अजून उभा राहत असेल तर हीच पायरी परत कर. थेंब शोषला जायला लागला की मगच पुढे जा.

पुढचं काम व्हिनेगरचं. किराणा दुकानात मिळणारा साधा पांढरा व्हिनेगर घे. आधी आतल्या शिवणीवर थोडा लावून पाच मिनिटांनी पांढऱ्या रुमालाने टिप. रुमालाला रंग लागला तर त्या कुर्त्याला व्हिनेगर नको, नुसती लिक्विडची पायरी दोन-तीनदा कर. रंग लागला नाही तर एका वाडग्यात एक वाटी व्हिनेगर आणि चार वाट्या पाणी घे आणि फक्त काखेचा भाग त्यात बुडव. अ‍ॅल्युमिनियमचा जुना, घट्ट झालेला क्षार सौम्य आम्लात सैल होतो. अर्ध्या तासाने कापड चिमटीत धरून चुरगाळ. कडकपणा गेलेला हाताला कळेल. थोडा उरला असेल तर आणखी अर्धा तास ठेव. मग भरपूर पाण्याने खळबळून नेहमीसारखा धू.

धुऊन झाल्यावर कुर्ता उलटाच, सावलीत वाळव, आणि काख पूर्ण वाळल्यावर उजेडात बघितल्याशिवाय इस्त्री फिरवू नकोस. मेण उरलं असेल तर इस्त्रीच्या उष्णतेने ते वितळून धाग्यात मुरतं आणि पुढच्या वेळी दुप्पट मेहनत लागते. ड्रायरचंही तेच. बऱ्याच दिवसांचा थर एका धुण्यात पूर्ण निघेलच असं नाही, पण पहिल्याच वेळी कापड मऊ झालेलं जाणवायला हवं. पॉलिस्टरच्या कुर्त्यात तेलकटपणा जास्त चिवट धरून बसतो, तिथे लिक्विडची पायरी दोनदा धरूनच चाल.

काही गोष्टी या कुर्त्यांपासून दूर ठेव. ब्लीच तर नकोच, काळा रंग उडेल, आणि व्हिनेगरमध्ये ब्लीच मिसळला तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, म्हणून दोन्ही एका बादलीत कधीच घालू नकोस. हायड्रोजन पेरॉक्साइड पांढऱ्या शर्टांच्या पिवळ्या काखांसाठी चांगला, काळ्याला नाही. खायचा सोडा चोळायचा सल्ला सगळीकडे मिळेल, पण तो स्वतःच पांढरा आहे आणि जाड विणीत अडकून बसतो. फॅब्रिक सॉफ्टनरही या कुर्त्यांना काही महिने नको, तो कापडावर स्वतःचा मेणचट थर चढवतो.

आता तुझी खरी काळजी, चंद्रकळा आणि ब्लाऊज.

रेशीम हा प्राण्यापासून मिळणारा धागा आहे, त्याला अ‍ॅल्युमिनियमचा आम्लधर्मी क्षार आणि घाम दोन्ही सोसत नाहीत. सुती कुर्ता कडक होतो आणि धुता येतो, रेशमाची काख मात्र आधी निस्तेज होते आणि मग विरते. म्हणून इथे डाग काढण्यापेक्षा तो पडू न देण्यावरच सगळा भर ठेव. ब्लाऊज आत्ताच शिंप्याकडे परत ने आणि मुंढ्याच्या आत, काखेपाशी, मऊ काळ्या सुती कापडाची तळहाताएवढी सुटी पट्टी कच्च्या टाक्यांनी लावून घे. कार्यक्रम झाला की टाके उसवून पट्टी तेवढी धुवायची, ब्लाऊज धुवावा लागत नाही. ब्लाऊजला अस्तर असलं तरी ही पट्टी लाव, कारण अस्तर रेशमाला शिवलेलंच असतं आणि ओल त्यातून पार होते. मुंढा फार घट्ट असेल तर तोही अर्धा बोट सैल करून घे. घट्ट मुंढ्यात कापड काखेला सतत घासतं आणि हळदी-कुंकवाच्या गर्दीत डाग पडतो तो तिथेच.

रात्रीचं रोल-ऑन आजपासून सुरू केलंस तर 14 जानेवारीपर्यंत बसलेलं असेल. 13 तारखेच्या रात्री नेहमीसारखं लाव. संक्रांतीच्या सकाळी काख साबणाने नीट धू, टॉवेलने टिप, आणि त्या दिवशी काखेत काहीही लावू नकोस, पावडरसुद्धा. अत्तर किंवा स्प्रे लावायचा तर साडी नेसण्याआधी मनगटाला आणि मानेला लाव आणि वाळू दे. रेशमावर थेट मारलेल्या फवाऱ्याचा गोल डाग राहतो. पदर काखेखालून घेताना तो काखेला चिकटून राहू देऊ नकोस, खांद्यावर पिनेने नीट बसव.

एवढं करूनही ब्लाऊजच्या कडेला पांढरी रेघ दिसलीच तर ती फक्त कोरडी काढ. ब्लाऊजच्याच आतल्या बाजूच्या रेशमी कापडाने हलकेच पूस, नखाने खरवडू नकोस, रेशमाचा धागा सुटतो. पाणी, लिंबू, व्हिनेगर काहीच लावू नकोस. पाण्याची कड रेशमावर उमटते आणि आम्लाने जरीचा धातू काळवंडतो.

घाम इतका येत असेल की नुसतं पंख्याखाली बसूनही काखा ओल्या होतात, आणि महिनाभर रात्री लावूनही फरक पडत नाही, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखव. त्याच क्षाराची जास्त तीव्रतेची औषधं ते देतात. ती कातडीला झोंबतात, म्हणून आपल्या मनाने आणून लावायची नाहीत.

साडी आणि ब्लाऊज कार्यक्रमानंतर घडी घालून कपाटात ठेवू नकोस. आधी रात्रभर सावलीत, पसरून, हवेवर टाक. ब्लाऊज आठवडाभरात ड्रायक्लीनिंगला दे आणि देताना काउंटरवर दोन गोष्टी आवर्जून सांग: काखेत घाम आला होता, आणि अंगाला रोल-ऑन लावलेलं होतं. ड्रायक्लीनिंगच्या द्रावणात मेण आणि तेल निघतं, पण घामाचा आणि अ‍ॅल्युमिनियमचा क्षार निघत नाही. त्यासाठी ते काखेचा भाग वेगळा, पाण्यातल्या औषधाने हाताने टिपून घेतात. सांगितलं नाही तर ब्लाऊज वरून स्वच्छ दिसतो आणि आत राहिलेला क्षार पुढच्या संक्रांतीपर्यंत कपाटात बसून रेशीम खातो. पावतीवर «काखेत घाम, रोल-ऑन» असं लिहूनच घे.